तीन अक्षरांत अख्खं उत्तर

गृहनिर्माण सोसायटीच्या सचिवाला येणारे ईमेल पाहिले, तर दर महिन्याच्या सुरुवातीला तेच ते प्रश्न दिसतात. मेंटेनन्स भरला, पावती कधी मिळेल? बाथरूमचं छत गळतंय, प्लंबर कधी पाठवता? विचारणारा दर वेळी वेगळा, पण उत्तर जवळपास शब्दाला शब्द तेच. बहुतेक जण अशा वेळी पाठवलेल्या ईमेलांमधून जुनं उत्तर शोधून कॉपी करतात. मग घाईत आधीच्या माणसाचं नाव बदलायचं राहतं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या देशपांड्यांना 'नमस्कार कुलकर्णी साहेब' असं उत्तर जातं.

विंडोजच्या संगणकावर यावर एक फुकट आणि भरवशाचा उपाय आहे, त्याचं नाव ऑटोहॉटकी. क्रिस मॅलेट यांनी तो २००३ साली लोकांपुढे आणला. आपण दोन-चार ओळींची सूचना एका साध्या फाइलमध्ये लिहून ठेवायची. त्यानंतर `qpv` अशी तीन अक्षरं टाइप करून स्पेस दाबली, की ती अक्षरं पुसली जातात आणि त्यांच्या जागी पावतीचं अख्खं उत्तर उमटतं. अशा लघुरूपाला ऑटोहॉटकीमध्ये हॉटस्ट्रिंग म्हणतात.

autohotkey.com या स्थळावरून दुसरी आवृत्ती, म्हणजे v2, उतरवून घ्यावी. ती डिसेंबर २०२२ मध्ये आली. इंटरनेटवर सापडणारे पुष्कळ जुने नमुने पहिल्या आवृत्तीचे असतात आणि ते इथे चालतीलच असं नाही. मराठीत लिहिणाऱ्याने दुसरीच आवृत्ती घ्यावी, याला आणखी एक कारण आहे. ती फाइल मुळातच यूटीएफ-८ धरून वाचते, त्यामुळे नोटपॅडमध्ये लिहिलेली देवनागरी अक्षरं जशीच्या तशी राहतात. पहिल्या आवृत्तीत फाइल जपून साठवली नाही, तर 'नमस्कार'च्या जागी चित्रविचित्र चिन्हं यायची.

आता पावतीचं उत्तर. नोटपॅड उघडून पुढचा मजकूर लिहा आणि `uttare.ahk` या नावाने साठवा. साठवताना नोटपॅड स्वतःहून शेवटी `.txt` जोडत नाही ना, तेवढं पाहा.

```
#Requires AutoHotkey v2.0
#SingleInstance Force

:OT:qpv::
(
नमस्कार,

आपण भरलेली मेंटेनन्सची रक्कम सोसायटीच्या खात्यात जमा झाली आहे. पावती सोबत जोडली आहे.

कळावे,
सचिव
)
```

फाइलवर डबल-क्लिक केलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाजवळ, हिरवा H दिसतो. याचा अर्थ सूचना लागू झाल्या. पुढे मजकुरात बदल केलात, तर फाइल साठवून त्या H वर उजवं क्लिक करायचं आणि `Reload Script` निवडायचं. हे केलं नाही, तर जुनंच उत्तर येत राहतं.

पहिल्या दोन ओळी फाइल कोणत्या आवृत्तीसाठी आहे ते सांगतात आणि ती पुन्हा चालवली तर जुनी प्रत बंद करून नवी सुरू करतात. खरं काम `:OT:qpv::` या ओळीत आहे. `qpv` हे लघुरूप. पहिल्या दोन विसर्गचिन्हांमधली अक्षरं म्हणजे त्याच्या अटी. `O` मुळे आपण शेवटी दाबलेली स्पेस उत्तराच्या टोकाला चिकटत नाही. `T` मुळे मजकूर अक्षरशः, आहे तसा टाइप होतो. कंसातल्या अनेक ओळींच्या मजकुराला ही काळजी आपोआप मिळते, पण एका ओळीचं उत्तर लिहिताना `T` विसरला तर गंमत नाही. ऑटोहॉटकीच्या भाषेत `#` म्हणजे विंडोजची कळ, `!` म्हणजे आल्ट आणि `+` म्हणजे शिफ्ट. उत्तरात 'बिल #4' असं लिहिलं असेल, तर ते अक्षर उमटण्याऐवजी विंडोज आणि ४ या कळा एकत्र दाबल्या जातात आणि टास्कबारवरचा चौथा प्रोग्राम उघडतो. टाइप करता करता भलतीच खिडकी समोर आली, तर आधी `T` आहे का ते पाहावं.

कंसातल्या मजकुराबद्दल एक सवय लावून घ्यावी लागते. फाइलमध्ये जिथे ओळ तुटते, तिथे एंटर दाबलं जातं. म्हणून एक परिच्छेद कितीही लांब असला तरी एकाच ओळीत लिहायचा. नोटपॅडमध्ये नीट दिसावं म्हणून मध्येच ओळ तोडली, तर मोबाइलवर वाचणाऱ्याला अर्धवट तुटलेल्या ओळी दिसतात.

लघुरूप काय ठेवायचं, यावर मी सर्वांत जास्त विचार करायला सांगेन. पावतीसाठी `pvt` किती सहज सुचतं! पण सोसायटीच्या पत्रव्यवहारात 'Pvt. Ltd.' येतच असतं. लिफ्टवाल्या कंपनीचं नाव लिहिताना `Pvt` नंतर पूर्णविराम दिला, की तिथेच पावतीचं अख्खं उत्तर ओतलं जातं. लहान-मोठी लिपी ऑटोहॉटकी मुळात वेगळी मानत नाही, त्यामुळे मोठा `P` सुद्धा वाचवत नाही. स्पेस, एंटर आणि टॅब यांच्याबरोबर पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह आणि कंस ही सगळी चिन्हं लघुरूप संपल्याची खूण मानली जातात. म्हणून प्रत्येक लघुरूपाची सुरुवात `q` ने करणं मला बरं वाटतं. इंग्रजीत `q` नंतर जवळजवळ नेहमी `u` येतो आणि रोमन लिपीतल्या मराठीतही `q` कुणी फारसा वापरत नाही. `qpv` हा शब्द चुकून लिहिला जाणार नाही.

हे असं का घडतं, ते समजलं तर पुढच्या बऱ्याच अडचणी स्वतःच सोडवता येतात. ऑटोहॉटकी पडद्यावरचा मजकूर वाचत नाही. ती फक्त आपण कोणत्या कळा कोणत्या क्रमाने दाबल्या, एवढंच लक्षात ठेवते. लघुरूप जुळलं की ती तेवढ्या वेळा बॅकस्पेस दाबते आणि मग उत्तर टाइप करते. म्हणूनच `qp` लिहून मध्येच माउसने कुठे क्लिक केलं किंवा बाणाची कळ दाबली, तर तिची आठवण पुसली जाते आणि पुढे `v` लिहिला तरी काही घडत नाही. पडद्यावर `qpv` नीट दिसतं, उत्तर मात्र येत नाही, तेव्हा बहुधा हेच झालेलं असतं. तीन अक्षरं पुसून सलग पुन्हा लिहिली की काम होतं.

कळफलकाचंही तसंच. इनस्क्रिप्टचा मराठी कळफलक चालू असताना `q` च्या कळेतून देवनागरी अक्षर निघतं, त्यामुळे लघुरूप जुळत नाही. कळफलक इंग्रजीच ठेवायचा. उत्तर देवनागरीत असलं तरी ते ऑटोहॉटकी टाइप करते, आपण नाही. मला तर याचा मोठाच फायदा वाटतो, कारण ज्यांचा मराठी टायपिंगचा हात बसलेला नाही, त्यांनाही एकदा नीट तपासून घेतलेलं शुद्ध मराठी उत्तर रोज पाठवता येतं.

गळतीच्या तक्रारीचं उत्तर याहून थोडं अवघड आहे, कारण त्यात फ्लॅट नंबर आणि तारीख दर वेळी बदलते. तिथे लघुरूपापुढे मजकूर न देता छोटी कृती द्यायची.

```
::qlk::
{
    w := WinExist("A")
    f := InputBox("फ्लॅट नंबर?", "गळती")
    if f.Result != "OK"
        return
    d := FormatTime(DateAdd(A_Now, 3, "Days"), "dd-MM-yyyy")
    WinActivate w
    WinWaitActive w
    SendText "फ्लॅट " f.Value " मधील गळतीची तक्रार नोंदवली आहे. " d " पर्यंत प्लंबर पाहणी करेल."
}
```

`qlk` लिहून स्पेस दाबली की एक छोटी चौकट येऊन फ्लॅट नंबर विचारते. आपण `302` लिहून `OK` म्हटलं, की आजपासून तीन दिवसांनंतरची तारीख काढली जाते आणि पूर्ण वाक्य उमटतं. आज १२ तारीख असेल तर उत्तरात १५ येते, आणि महिनाअखेरीला पुढच्या महिन्याचा हिशोबही बरोबर होतो. `w` मध्ये आधी उघडी असलेली खिडकी लक्षात ठेवली आहे, कारण चौकट बंद झाल्यावर टायपिंग पुन्हा ईमेलमध्येच व्हायला हवं. तारखेतला `MM` मोठ्या अक्षरांतच हवा. छोट्या `mm` चा अर्थ मिनिटं असा होतो आणि सगळी तारीख बिघडते. सदस्याला चुकीची तारीख कळवणं हे उशिरा उत्तर देण्यापेक्षा वाईट, म्हणून ही कृती पहिल्यांदा स्वतःलाच ईमेल लिहून तपासावी.

सर्वांत त्रासदायक चूक ईमेलबाहेर होते. ईमेल लिहिताना एंटर म्हणजे नवी ओळ. व्हॉट्सअ‍ॅप वेबवर मात्र एंटर म्हणजे संदेश रवाना. तिथे सवयीने `qpv` लिहिलं, तर सोसायटीच्या ग्रुपवर आधी नुसतं 'नमस्कार', मग रकमेचं वाक्य, मग 'कळावे' असे तुकडे एकामागून एक जातात. म्हणून सगळी लघुरूपं अशा दोन ओळींच्या मध्ये ठेवावीत:

```
#HotIf WinActive("Gmail")
; इथे सगळी लघुरूपं
#HotIf
```

यामुळे खिडकीच्या शीर्षकात Gmail हा शब्द असेल तरच ती चालतात. ईमेलसाठी दुसरं काही वापरत असाल, तर त्या खिडकीच्या वरच्या पट्टीत कायम दिसणारा एखादा शब्द अवतरणचिन्हांत द्यावा.

संगणक जुना असेल किंवा ब्राउझर जड झाला असेल, तर कधीकधी उत्तरातली अक्षरं गळतात. मात्रा किंवा अनुस्वार नाहीसे झालेले दिसले, की ओळखावं. अशा वेळी `:OT:` ऐवजी `:OT SE K20:` लिहिलं, तर प्रत्येक अक्षरामागे २० मिलिसेकंद थांबत सावकाश टायपिंग होतं.

रोज संगणक सुरू झाला की फाइल आपोआप चालावी, यासाठी विंडोज आणि `R` या कळा दाबून `shell:startup` लिहावं आणि उघडलेल्या फोल्डरमध्ये फाइलचा शॉर्टकट ठेवावा. ही फाइल कुणालाही नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते. म्हणून तिच्यात बँकेचे पासवर्ड किंवा सदस्यांचे फोन नंबर ठेवू नयेत. सचिव बदलले की तीच फाइल नव्या सचिवांना द्यायची आणि शेवटच्या ओळीतलं नाव बदलून घ्यायचं.