गळणाऱ्या शब्दाकडे पाहा

इंग्रजीच्या व्याकरणात एक प्रश्न हमखास असतो. दोन छोटी वाक्यं दिलेली असतात आणि हू, हूज, विच किंवा दॅट वापरून ती जोडायची असतात. माणूस असेल तर हू, वस्तू असेल तर विच, एवढंच बहुतेक मुलांच्या लक्षात राहतं. हे खोटं नाही, पण अर्धंच आहे, आणि गुण जातात ते उरलेल्या अर्ध्यात.

एक जोडी घेऊ. 'धिस इज द बॉय. ही वन द रेस.' दुसरी जोडी अशी: 'धिस इज द बॉय. हिज बायसिकल वॉज स्टोलन.' दोन्हीकडे मुलगाच आहे. माणसाला हू एवढाच नियम लावला, तर दुसऱ्या जोडीचं 'द बॉय हू बायसिकल' असं काहीतरी तयार होतं.

म्हणून पाहायचं ते दुसऱ्या वाक्याकडे. जोडताना तिथला कोणता शब्द गळणार आहे, हे आधी शोधायचं. पहिल्या जोडीत 'ही' गळतो. तो त्या वाक्याचा कर्ता आहे, म्हणून त्याच्या जागी हू येतो: 'धिस इज द बॉय हू वन द रेस.' दुसऱ्या जोडीत 'हिज' गळतो. तो मालकी दाखवतो, म्हणून हूज: 'धिस इज द बॉय हूज बायसिकल वॉज स्टोलन.' हूजच्या पाठोपाठ मालकीची वस्तू, म्हणजे सायकल, आली पाहिजे. हीच पडताळणी. इथे स्पेलिंगही जपायचं. अॅपॉस्ट्रॉफी घालून लिहिलेला 'हूज' हा 'हू इज' किंवा 'हू हॅज' यांचा संक्षेप असतो. उच्चार तोच, पण तो इथे चालत नाही.

आता वस्तूंकडे. 'वी सॉ अ हाउस. इट्स रूफ हॅड फॉलन इन.' घर निर्जीव, म्हणून मुलं विच लिहितात आणि अडतात. गळणारा शब्द 'इट्स' आहे, मालकीचा. उत्तर 'वी सॉ अ हाउस हूज रूफ हॅड फॉलन इन.' हूज फक्त माणसांसाठी असतो हा समज चुकीचा आहे. मालकी दाखवायला वस्तूंनाही तोच चालतो.

विचच्या वाक्यात मराठी मुलांची एक खास चूक होते आणि तिचं मूळ आपल्या भाषेत आहे. 'जे पुस्तक मी घेतलं ते हरवलं' या वाक्यात 'जे' आणि 'ते' दोन्ही लागतात. त्याच सवयीने इंग्रजीत 'द बुक विच आय बॉट, इट इज लॉस्ट' असं लिहिलं जातं. इंग्रजीला तो 'ते' नको असतो: 'द बुक विच आय बॉट इज लॉस्ट.' विच आला की 'इट' काढायचाच.

जागाही चुकते. 'द बस केम लेट. इट गोज टू सातारा.' यातलं दुसरं वाक्य शेवटी चिकटवण्याचा मोह होतो, पण ते बसला खेटून आलं पाहिजे: 'द बस विच गोज टू सातारा केम लेट.'

इथे विचऐवजी दॅटही बरोबर आहे, आणि मुलं गोंधळतात ती इथेच. दॅट माणसालाही चालतो, वस्तूलाही. पण दोन ठिकाणी तो येत नाही. एक, शब्दयोगी अव्ययाच्या लगेच पुढे: 'द वेल फ्रॉम विच वी ड्रॉ वॉटर' बरोबर, 'फ्रॉम दॅट' चूक. दोन, स्वल्पविरामाने वेगळ्या केलेल्या माहितीत. 'माय ब्रदर, हू लिव्ह्ज इन नागपूर, इज अ डॉक्टर' याचा अर्थ भाऊ एकच आहे आणि नागपूर ही जादा माहिती. तिथे दॅट बसत नाही. स्वल्पविराम काढले, की अनेक भावांपैकी नागपूरचा भाऊ असा अर्थ होतो. म्हणजे ते दोन स्वल्पविराम भावांची संख्या बदलतात. परीक्षेत ते सहज विसरले जातात, म्हणून ते शिकवताना यावर खरोखर वेळ द्यायला हवा.

उलट 'ऑल', 'एव्हरीथिंग', 'द ओन्ली' किंवा 'द बेस्ट' यांसारख्या शब्दांनंतर दॅटच अधिक रुळलेला आहे: 'धिस इज द बेस्ट मँगो दॅट आय हॅव एव्हर ईटन.'

नेमकी ओळख पटवणाऱ्या माहितीला दॅट आणि जादा माहितीला विच, अशी वाटणी एच. डब्ल्यू. फाउलर यांनी 1926 मध्ये आपल्या इंग्रजी वापराच्या कोशात सुचवली. अमेरिकेतले अनेक संपादक ती पाळतात. ब्रिटिश लेखनात मात्र ओळख पटवायलाही विच सर्रास येतो. त्यामुळे साताऱ्याच्या बसपुढे मुलाने विच लिहिला काय किंवा दॅट लिहिला काय, शिक्षकांनी लाल रेघ ओढू नये. ती ओढायची 'इट' उरला असेल तर, किंवा हूजच्या जागी हू आला असेल तर.