करार संपवणारं पत्र

समजा, पुण्यातली एक छोटी कर-सल्लागार फर्म गेली ७ वर्षं एका व्यापाऱ्याचं जीएसटीचं काम पाहते आहे. महिन्याचं ३बी विवरणपत्र भरायची मुदत पुढच्या महिन्याच्या २० तारखेची. व्यापाऱ्याची खरेदीची बिलं येतात १९च्या रात्री. उशीर झाला की दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क लागतं आणि ते तो फर्मच्या फीमधून कापून घेतो. अखेर फर्म काम सोडायचं ठरवते.

पत्र लिहायला बसलं की ७ वर्षांचा राग कागदावर उतरू पाहतो. तो उतरू देऊ नये. अशा करारांत बहुधा एक कलम असतं : कोणत्याही पक्षाने ६० दिवसांची लेखी पूर्वसूचना देऊन, कारण न देता, करार संपवावा. कलम कारण मागत नसेल तर ते द्यायचंच कशाला? लिहिलेल्या प्रत्येक तक्रारीला उत्तर येतं, वाद लांबतो आणि शेवटची तारीख बाजूला पडते. पुढे पैशांचं प्रकरण वकिलांकडे गेलं, तर रागाचं वाक्यच आधी पुढे केलं जातं.

मजकूर एवढाच पुरे : ‘करारातील पूर्वसूचनेच्या कलमानुसार आजच्या, १ जुलैच्या, पत्राने कळवतो की आपल्यातील करार ३१ ऑगस्ट रोजी संपुष्टात येईल. जून व जुलै महिन्यांची विवरणपत्रे आम्ही भरू. प्रत्येक महिन्याची बिले पुढील महिन्याच्या ५ तारखेपर्यंत मिळावीत. ऑगस्टच्या विवरणपत्रापासूनचे काम आपण नेमाल त्या सल्लागाराकडे असेल. सोबत थकीत बिलांची यादी जोडली आहे. त्या रकमेवरील आमचे हक्क कायम आहेत. आजवर काम सोपवलेत, याबद्दल आभारी आहोत.’

यात ऑगस्टचं वाक्य सर्वांत मोलाचं. ऑगस्टचं विवरणपत्र सप्टेंबरमध्ये भरायचं असतं. ते कोणी भरायचं हे लिहिलं नाही, तर भांडण तिथेच उभं राहतं. थकबाकीही ‘बरीच रक्कम’ अशी मोघम नको. बिल क्रमांक, तारीख, रक्कम हवी. फर्मची सूक्ष्म वा लघुउद्योग म्हणून उद्यम नोंदणी असेल, तर २००६च्या कायद्याने लेखी ठरलेल्या मुदतीत, आणि तीही जास्तीत जास्त ४५ दिवसांत, पैसे मिळायला हवेत. पण त्या कायद्याचा धाक या पत्रात घालू नये. पैसे आलेच नाहीत तर वेगळी नोटीस देता येते.

कागदपत्रं परत करताना यादी करून पोच घ्यावी. पोर्टलवर फर्मचाच मोबाइल नंबर व ईमेल नोंदलेला असेल, तर व्यापाऱ्याला तो बदलायला लावावा. नाहीतर काम सुटल्यावरही त्याचे ओटीपी फर्मकडेच येत राहतील.

सप्टेंबरमध्ये व्यापाऱ्याचा फोन येईल : ‘एवढं एक विवरणपत्र भरून द्या.’ ते भरू नका. एकदा भरलं की करार चालूच होता, असं म्हणायला त्याला जागा मिळते.