ओठांवर न उमटणारं

हैदराबादच्या चिक्कडपल्लीतल्या आमच्या घरी बाल्कनीला काचेचं दार आहे. एकदा ताईनं ते लावून घेतलं आणि पलीकडून सहा शब्द म्हणून दाखवले: बाग, भाग, माग, माघ, बाक, पाक. उजेड भरपूर, अंतर हातभर. तरी ती सहाही वेळा एकच शब्द म्हणतेय असं मला वाटलं.

कारण आपल्या वर्णमालेतच आहे. प, ब, भ, म म्हणताना ओठ सारखेच मिटतात. फरक करतात ती गळ्यातली कंपनं, श्वासाचा झोत आणि नाकाकडे हवा सोडणारा मऊ टाळू, आणि हे सगळं आत घडतं. क, ख, ग, घ तर जिभेच्या मागच्या भागात उमटतात. त आणि ट, न आणि ण, ल आणि ळ यांतला फरक दातांमागे राहतो. केवढं नवल! उच्चारस्थानानुसार रचलेल्या त्या तक्त्यातली अख्खी आडवी ओळ ओठांवर एकच होऊन जाते, आणि काही ओळी दिसतही नाहीत.

मग ओठ वाचणारी माणसं कसं समजून घेतात? बरंचसं अंदाजानं. "देवळात जाऊन आले, आज ... पौर्णिमा" एवढं कळलं की "माघ" आपोआप भरला जातो. पण त्यासाठी भाषा आधीच मनात हवी. मोठेपणी ऐकू येईनासं झालेल्या माणसाकडे ती असते. जन्मतः बहिऱ्या बाळाकडे नसते, आणि ओठांवरच्या ज्या खुणांवरून ती शिकायची त्याच अर्धवट. चिक्कडपल्लीत तर घरात मराठी, शेजारी तेलुगू, दुकानात हिंदी.

म्हणून बहिऱ्या मुलांना शिकवण्याच्या द्विभाषिक पद्धतीत आधी डोळ्यांना पूर्ण दिसणारी भाषा देतात, म्हणजे भारतीय सांकेतिक भाषा. लिहिलेली भाषा तिच्या आधारानं येते. "आईनं मुलीला पुस्तक दिलं" हे वाक्य घ्या. ओठांवर "नं" आणि "ला" निसटतात, म्हणून मुलं पुष्कळदा "आई मुलगी पुस्तक दिलं" असं लिहितात. शब्द आले, नातं आलं नाही. खुणांत शिक्षिका आईला उजवीकडे ठरवते, मुलीला डावीकडे, आणि "देणं" ही खूण उजवीकडून डावीकडे नेते. हात उलटा फिरवला की मुलीनं आईला दिलं. मग फळ्यावर दोन्ही वाक्यं लिहून हाताची वाट जिथं संपते तिथं "ला" शोधायला लावते. मूल खुणेवरून वाक्य आणि वाक्यावरून खूण चुकवत नसेल, तर प्रत्यय कळला.

यात अडचण मोठी आहे. सफाईनं खुणा करणारी माणसं भोवती लागतात, शक्यतो स्वतः बहिरे शिक्षक, आणि बहुतेक आईवडील ऐकणारे असल्यानं त्यांनाही ही भाषा नव्यानं शिकावी लागते. श्रवणयंत्र मात्र यासाठी काढायचं नसतं.

आणि शाळेत तेलुगू आली तर? तिथं "अम्मायि"ला "कि" लागतो, आपल्या "मुली"ला "ला". हाताची वाट तीच.