पन्हळीतले दोन गोळे

उभ्या भिंतींची, सपाट तळाची, वरून उघडी पन्हळ घ्या. रुंदी 16 सेंटीमीटर. तिच्यात दोन गुळगुळीत गोळे ठेवले. प्रत्येकाची त्रिज्या 5 सेंटीमीटर, वजन 40 न्यूटन, म्हणजे साधारण चार किलो. खालचा डाव्या भिंतीला टेकतो. वरचा त्याच्यावर आणि उजव्या भिंतीवर रेलतो. भिंतींवर किती जोर येईल?

गुळगुळीत म्हणजे घर्षण नाही, म्हणून भिंतीचा रेटा आडवाच असतो आणि गोळ्यांमधला रेटा दोन्ही केंद्रे जोडणाऱ्या रेषेतच. ही रेषा 10 सेंटीमीटरची. केंद्रांमधले आडवे अंतर 16 वजा 10, म्हणजे 6. उभे अंतर मग पायथागोरसप्रमाणे 8.

आता फक्त वरचा गोळा पाहा. त्याचे 40 न्यूटन वजन खालच्या गोळ्यानेच पेलायचे, कारण भिंत वर उचलत नाही. तिरप्या रेट्याचा आठ-दशांश भाग उभा, म्हणून रेटा 50 न्यूटन. त्याचा सहा-दशांश, 30 न्यूटन, आडवा. तोच उजव्या भिंतीवर आणि खालच्या गोळ्यामार्फत डावीवरही.

गोळ्यांमधला रेटा 40 धरणे ही नेहमीची चूक. मग उभा आधार 32 न्यूटनच भरतो आणि चूक लगेच उघडी पडते. तळावर मात्र दोघांचे वजन, 80 न्यूटन.

गंमत म्हणजे पन्हळ 18 सेंटीमीटर रुंद केली, तर भिंतीवरचा जोर घटत नाही. तो सुमारे 53 न्यूटन होतो. रुंदी 20 झाली की वरचा गोळा घसरून तळाशी बसतो.