घाटाचा उतार आणि वाटांचे गणित

धार आणि देवास ही पवारांची दोन जुनी संस्थाने. दोन्ही गावे माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून अधिक उंचीवर वसलेली आहेत. याच पठारावरून आग्रा-मुंबई रस्ता मानपूरच्या पुढे घाट उतरून गुजरीजवळ निमाडच्या सखल प्रदेशात जातो. या उतारामुळे वाटांच्या गणितात एक मौजेची अडचण उभी राहते. ती कशी दूर करतात, ते या लेखात पाहू.

आजकाल विजेवर चालणाऱ्या मालमोटारी निघाल्या आहेत. सपाट रस्त्यावर किंवा चढावर अशी मोटार आपल्या बॅटरीतील वीज खर्च करते. उलट तीव्र उतारावर तिचे यंत्र जनित्रासारखे काम करते आणि थोडी वीज बॅटरीत परत साठते. म्हणजे काही रस्त्यांचा खर्च ऋण असतो. आता प्रत्येक गावाहून प्रत्येक गावी जाण्याची कमीत कमी खर्चाची वाट शोधायची आहे, असे समजा.

आपण चारच ठिकाणे घेऊ : देवास, धार, मानपूर आणि गुजरी. पुढील आकडे प्रत्यक्ष मोजलेले नसून केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. देवास-धार व देवास-मानपूर या रस्त्यांना अनुक्रमे ८ आणि ६ मात्रा वीज लागते. धार-मानपूरला ७ लागतात. या तिन्ही रस्त्यांवर परतीचा खर्चही तेवढाच धरू. धारहून थेट गुजरीला ५ आणि गुजरीहून धारला चढून येण्यास ११. मानपूरहून घाट उतरून गुजरीला जाताना मात्र ३ मात्रा परत मिळतात, म्हणून तेथे खर्च उणे ३; आणि तोच घाट चढताना खर्च ९.

डच गणिती एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेली एक रीत या कामी फार उपयोगी आहे. तिच्यात ठिकाणांची एक प्राधान्य-रांग ठेवतात. ही रांग आलेल्या क्रमाने चालत नाही; ज्याचा खर्च सर्वांत कमी, तो आधी बाहेर पडतो. एकदा बाहेर पडलेल्या ठिकाणाचा खर्च कायमचा ठरला, असे मानतात. धारहून निघालो, तर रांगेत गुजरी ५ वर, मानपूर ७ वर आणि देवास ८ वर असते. प्रथम गुजरी बाहेर पडते आणि तिचा खर्च ५ ठरतो. पण मानपूरवरून गेल्यास ७ उणे ३, म्हणजे ४ मात्रांतच गुजरी गाठता येते! रीत चुकली, कारण पुढे गेल्यावर खर्च कमी होणार नाही, या गृहीतावरच ती उभी आहे.

यावर कोणी चटकन म्हणेल, ‘प्रत्येक रस्त्यात ३ मिळवा; म्हणजे ऋण संख्या नाहीशा होतील.’ करून पाहू. धार-गुजरी ८ होईल. मानपूरवरून ७ चे १० आणि उणे ३ चे शून्य, म्हणजे एकूण १०. आता थेट वाट स्वस्त दिसते, आणि खरे उत्तर तर तिच्या उलट आहे. ज्या वाटेत अधिक रस्ते, तिच्यावर अधिक भर पडतो, म्हणून तुलनाच बिघडते.

खरा उपाय डोनाल्ड जॉन्सन यांनी १९७७ साली मांडला. भर रस्त्यांवर सरसकट न घालता प्रथम प्रत्येक ठिकाणाला एक संख्या द्यायची. पदार्थविज्ञानातील शब्द उसना घेऊन तिला आपण विभव म्हणू. मग प्रत्येक रस्त्यासाठी असे लिहायचे :

नवा खर्च = जुना खर्च + निघण्याच्या ठिकाणाचे विभव − पोचण्याच्या ठिकाणाचे विभव

एखाद्या वाटेवरील सर्व नवे खर्च मिळवून पाहा. मधल्या प्रत्येक ठिकाणाचे विभव तेथे पोचताना एकदा वजा होते आणि तेथून निघताना एकदा मिळवले जाते. शेवटी उरते ते केवळ आरंभाचे व अंताचे विभव. त्यामुळे धारहून गुजरीला जाणाऱ्या सर्व वाटांत सारखाच फरक पडतो, आणि जी वाट आधी सर्वांत स्वस्त होती तीच नंतरही राहते.

ही विभवे काढावयाची कशी? लेस्टर फोर्ड यांनी १९५६ साली आणि रिचर्ड बेलमन यांनी १९५८ साली मांडलेल्या रीतीने. सर्व ठिकाणांना प्रथम शून्य द्या. मग एकेक रस्ता तपासा. निघण्याच्या ठिकाणाचे विभव अधिक रस्त्याचा खर्च ही बेरीज जर पोचण्याच्या ठिकाणाच्या विभवाहून कमी भरली, तर ते विभव तेवढे खाली आणा. आपल्या उदाहरणात एकच बदल होतो : मानपूरच्या उतारामुळे गुजरीचे विभव उणे ३ होते. बाकी सारी शून्यच राहतात. बदल थांबला, याचा अर्थच असा की आता कोणत्याही रस्त्याचा नवा खर्च ऋण असू शकत नाही.

नवे खर्च पाहा : मानपूर-गुजरी शून्य, धार-गुजरी ८, गुजरी-मानपूर ६, गुजरी-धार ८, इतर रस्ते पूर्वीप्रमाणेच. आता डायक्स्ट्रांची रीत निर्धास्त चालते. धारहून मानपूर ७, आणि तेथून शून्य खर्चाने गुजरीही ७. खरा खर्च मिळविण्यासाठी आरंभाचे विभव वजा करून अंताचे मिळवा : ७ − ० − ३ = ४. अचूक! गुजरीहून देवासला नवा खर्च ६ आणि ६ मिळून १२. त्यातून उणे ३ वजा केले की १५. जुन्या आकड्यांनी ९ आणि ६ मिळूनही १५ च येतात.

एक धोका मात्र ओळखता आला पाहिजे. समजा, घाट चढण्याचा खर्च कोणी चुकून ९ ऐवजी २ लिहिला. मग चढ-उताराची एक फेरी केली की १ मात्रा फुकट मिळेल आणि फेऱ्या मारून बॅटरी हवी तेवढी भरता येईल! अशा ऋण फेऱ्यात ‘सर्वांत कमी खर्च’ या शब्दांना अर्थच उरत नाही. विभवे काढतानाच हे उघडकीस येते. चार ठिकाणे असतील, तर रस्त्यांच्या संपूर्ण तपासणीच्या तीन फेऱ्यांत विभवे स्थिर झालीच पाहिजेत. चौथ्या फेरीतही बदल झाला, तर आकड्यांत ऋण फेरा आहे, असे निश्चित समजावे.

दुसरी मर्यादा व्यवहारातील आहे. बॅटरी आधीच भरलेली असेल, तर उतारावरची वीज साठणार नाही. तेव्हा रस्त्याचा खर्च ठराविक राहत नाही आणि ही रीत जशीच्या तशी लागू पडत नाही.

एवढी खटपट कशासाठी, असे वाटेल. हजार ठिकाणे व चार हजार रस्ते घेतले, तर तीन-तीन ठिकाणांच्या सर्व जोडण्या तपासणाऱ्या रीतीला शंभर कोटी पायऱ्या लागतात. येथे विभवांना फार तर चाळीस लाख, आणि हजार ठिकाणांहून प्राधान्य-रांग चालविण्यास सुमारे पाच कोटी पुरतात. मात्र जवळजवळ प्रत्येक ठिकाण प्रत्येकाशी जोडलेले असेल, तर हा लाभ उरत नाही.

वाचकहो, वहीत आणखी एक ठिकाण घाला, त्याला एक उताराचा रस्ता द्या आणि विभवे पुन्हा काढून पाहा. एखादा नवा खर्च ऋण आला, तर तपासणीची एखादी फेरी राहून गेली असे समजावे.