नाव एकाचं, गाणं सगळ्यांचं

लेखमाला : मानाची यादी – भाग 4

गेल्या भागात आपण क्लीव्हलंडच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमची निवडपद्धत पाहिली. पहिली तबकडी निघून 25 वर्षं झाली की कलावंत पात्र ठरतो, नामांकन समिती नावं सुचवते आणि मग मतदान होतं. अमका बँड अजून आत का नाही, यावर दरवर्षी वाद झडतात. पण एक अन्याय याहून वेगळा आहे आणि त्याच्याकडे फार काळ कुणाचं लक्षच गेलं नाही. बँडची गाणी आत गेली, बँडचा गायक आत गेला, पण बँड मात्र बाहेर राहिला.

याची सुरुवात पहिल्याच वर्षी झाली. 1986च्या पहिल्या तुकडीत बडी हॉली होता, त्याचे क्रिकेट्स नव्हते. जेम्स ब्राऊन होता, त्याचे फेमस फ्लेम्स नव्हते. पुढच्या वर्षी बिल हेलीची निवड झाली, कॉमेट्सची नाही. त्याच 1987मध्ये स्मोकी रॉबिन्सनला एकट्याला मान मिळाला आणि मिरॅकल्स वगळले गेले. हे शेवटचं उदाहरण जरा बारकाईनं पाहण्यासारखं आहे, कारण तिथे हॉलचा स्वतःचा नियमच हॉलच्या विरोधात साक्ष देतो.

मिरॅकल्स हा डेट्रॉइटच्या शाळकरी मित्रांचा गट. त्यांची पहिली तबकडी 1958ची. रॉबिन्सन 1972मध्ये गटातून बाहेर पडला आणि त्याचा पहिला एकल अल्बम 1973मध्ये आला. आता 25 वर्षांचा हिशेब करा. एकटा गायक म्हणून त्याची पात्रता 1998च्या आधी येऊच शकत नव्हती. म्हणजे 1987मध्ये त्याला जे दार उघडलं, ते मिरॅकल्सच्या तबकड्यांनी उघडलं. पात्रता मोजली गटाच्या खात्यावर आणि मान दिला एकाला.

बाकीचे नुसते मागे उभं राहून 'ऊ-आ' करणारे होते का? 'द ट्रॅक्स ऑफ माय टिअर्स' हे 1965चं गाणं घ्या. त्याच्या सुरुवातीलाच गिटारचा जो छोटा, उतरता तुकडा आहे, तो ऐकताक्षणी गाणं ओळखू येतं. तो मार्व्ह टार्पलिन या गिटारवादकाचा. टार्पलिनची पद्धत अशी की, तो एखादी गिटारची चाल बसवायचा, टेपवर भरून रॉबिन्सनला द्यायचा आणि रॉबिन्सन ती ऐकत ऐकत त्यावर शब्द आणि गायची चाल बांधायचा. म्हणजे या गाण्यात आधी गिटार आली आणि शब्द नंतर. गीतकारांच्या श्रेयात रॉबिन्सनच्या जोडीला टार्पलिन आणि गटातला खर्ज गाणारा पीट मूर अशी आणखी दोन नावं आहेत. टेम्पटेशन्सनी गाजवलेलं 'माय गर्ल' रॉबिन्सननं रॉनी व्हाईटबरोबर लिहिलं. हा व्हाईटही मिरॅकल्सचाच. आणि क्लॉडेट रॉजर्स गटात 1957पासून होती. 1964च्या सुमारास तिनं दौरे थांबवले, तरी ध्वनिमुद्रणात तिचा आवाज पुढेही राहिला.

आता याच्या शेजारी 1988 सालची निवड ठेवून पाहा. त्या वर्षी सुप्रीम्सना मान मिळाला तो गट म्हणून. डायना रॉसबरोबर मेरी विल्सन आणि फ्लॉरेन्स बॅलार्डही यादीत होत्या. 1989मध्ये टेम्पटेशन्सही गट म्हणूनच आले. म्हणजे व्हाईटनं ज्यांच्यासाठी गाणं लिहिलं ते सगळे आत आणि व्हाईट स्वतः बाहेर. कंपनी तीच मोटाऊन, काळ तोच, कामाची रीतही तीच; निकाल मात्र उलटा. याच्यामागे कुठला निकष होता, हे शोधून सापडत नाही.

क्रिकेट्सची गोष्ट तर याहून बोलकी आहे. 'दॅट'ल बी द डे' हे गाणं हॉलीनं 1956मध्ये डेका कंपनीसाठी एकदा गायलं होतं आणि कराराप्रमाणे पाच वर्षं ते पुन्हा ध्वनिमुद्रित करायची त्याला मनाई होती. 1957मध्ये ते नव्यानं मुद्रित झालं तेव्हा ही अडचण टाळण्यासाठी तबकडीवर नाव छापलं 'क्रिकेट्स'. ज्या गाण्यानं हॉलीला देशभर पोचवलं, त्याच्या लेबलवर हॉलीचं नाव नव्हतं, गटाचं होतं. शिवाय गीतकारांत ड्रमर जेरी ॲलिसनचंही नाव होतं. तरी 1986मध्ये आत गेला तो एकटा हॉली.

ही चूक दुरुस्त व्हायला 2012 साल उजाडलं. नेहमीचं नामांकन आणि मतदान बाजूला ठेवून हॉलनं एक विशेष समिती नेमली आणि सहा गट एकदम आत घेतले: क्रिकेट्स, कॉमेट्स, फेमस फ्लेम्स, मिरॅकल्स, हँक बॅलार्डचे मिडनायटर्स आणि जीन व्हिन्सेंटचे ब्लू कॅप्स. या गटांना सन्मानित करायला मंचावर आला तो रॉबिन्सनच. पण रॉनी व्हाईट 1995मध्येच वारला होता. टार्पलिन सप्टेंबर 2011मध्ये गेला, समारंभ झाला एप्रिल 2012मध्ये. फेमस फ्लेम्स ज्याने उभे केले आणि ज्याने ब्राऊनला गटात आणलं, तो बॉबी बर्ड 2007मध्ये निवर्तला होता. पंचवीस वर्षांच्या उशिराची किंमत हीच. यादी सुधारता येते, माणसं परत आणता येत नाहीत.

यावर हॉलच्या बाजूनं एक रास्त प्रश्न विचारला जातो. गटात माणसं येतात-जातात. मग रेषा ओढायची कुठे? याचं उत्तर मला तबकडीवरच दिसतं. ज्या ध्वनिमुद्रणांसाठी मान दिला जातो, त्यांवर जे सभासद म्हणून वाजले-गायले, ते सगळे आत. ही कसोटी सगळ्यांच्या सोयीची नाही. 2016मध्ये डीप पर्पलची निवड झाली तेव्हा गिटारवादक स्टीव्ह मोर्स 1994पासून बँडमध्ये होता, तरी त्याला वगळलं. चाहते चिडले; पण मान प्रामुख्यानं आधीच्या तबकड्यांचा होता, म्हणून तो निर्णय समजून घेता येतो. बासवादक निक सिंपरचं मात्र तसं नाही. पहिला गायक रॉड एव्हान्स आणि सिंपर हे दोघं बँडच्या त्याच पहिल्या तीन अल्बमवर आहेत, 'हश'वरही दोघं आहेत. एव्हान्स आत गेला, सिंपर राहिला. सारख्याच कामाला दोन वेगळी मापं लावली, तर त्याला अन्यायच म्हणावं लागेल.

म्हणून पुढच्या वेळी एखाद्या निवडीवर वाद ऐकाल, तेव्हा गायकाचं नाव बाजूला ठेवून दोन गोष्टी तपासा: पात्रतेची वर्षं कुणाच्या तबकडीपासून मोजली, आणि त्या तबकडीवर कोण कोण होतं. या दोन उत्तरांत जी नावं येतात आणि मानाच्या यादीत सापडत नाहीत, त्यांचं देणं अजून बाकी आहे.

पुढच्या भागात सिस्टर रोझेटा थार्प या गिटारवादक गायिकेविषयी, जिला हा मान मृत्यूनंतर 45 वर्षांनी, 2018मध्ये मिळाला.