हॉटस्पॉटवरचा लॅपटॉप आणि गुपचूप संपणारा डेटा

लॅपटॉपला मोबाइलचा हॉटस्पॉट जोडला की त्याच्या दृष्टीने ते आणखी एक वाय-फाय असतं. पलीकडे घरातलं अमर्याद ब्रॉडबँड आहे की दिवसाला दीड जीबी मिळणारं प्रीपेड सिम, याचा त्याला पत्ता नसतो. विंडोज कोणतंही नवं वाय-फाय मोकळं, म्हणजे कितीही वापरलं तरी चालेल असं, धरून चालतं. त्यामुळे घरी जी कामं पडद्यामागे चालतात, तीच हॉटस्पॉटवरही त्याच जोमाने सुरू होतात.

हे किती महागात पडतं, ते एका उदाहरणातून पाहू. समजा, एक लेखापरीक्षक ताई कोकणातल्या एका गावी पतसंस्थेच्या तपासणीला गेल्या आहेत. संस्थेत इंटरनेट नाही, म्हणून त्यांनी फोनचा हॉटस्पॉट लॅपटॉपला जोडला. सकाळभर बसून त्यांनी सहाशे व्हाउचरं स्कॅन केली. रंगीत स्कॅनचं एक पान साधारण दीड एमबी धरलं तर हे झाले ९०० एमबी. स्कॅन ‘Documents’ फोल्डरमध्ये साठत होते, आणि त्या फोल्डरचा बॅकअप वनड्राइव्हकडे दिलेला होता. म्हणजे एकेक पान फाइल झालं की लगेच ढगात चढवायला सुरुवात. त्यातच विंडोजचं महिन्याचं अपडेट आलेलं होतं. ते साडेचारशे एमबी धरू. ताईंनी स्वतः वापरलेला डेटा, म्हणजे ईमेल आणि सरकारी पोर्टल, फार तर दीडशे एमबी. बेरीज दीड हजार एमबी. दुपारी जेवणाच्या वेळेपर्यंत दिवसाचा कोटा संपला, आणि त्यातला दहावा भागच त्यांच्या हातून गेला होता.

कोटा संपल्यावर नेट बंद पडत नाही, पण बऱ्याच प्रीपेड प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. म्हणजे सेकंदाला जेमतेम आठ किलोबाइट. एक एमबीची फाइल पाठवायला दोन मिनिटांहून जास्त लागतात. पोर्टलचं पान तेवढ्या वेळात उघडलंच नाही तर लॉगिनची मुदत संपते आणि पुन्हा पहिल्यापासून. इथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही: कोट्यातून फक्त डाउनलोड वजा होत नाही, अपलोडही तितकाच वजा होतो. आपण काही उतरवत नाही, मग डेटा गेला कुठे, असं वाटतं ते यामुळेच.

यावर विंडोजमध्ये २०१२ च्या विंडोज ८ पासून एक सोय आहे. एखादं नेटवर्क ‘मीटर्ड’, म्हणजे मोजून वापरायचं, असं ठरवून देता येतं. विंडोज ११ मध्ये त्याची वाट अशी: हॉटस्पॉटला जोडलेलं असताना Settings उघडा, त्यात Network & internet, मग Wi-Fi, आणि त्या हॉटस्पॉटच्या नावापुढचं properties. त्या पानावर Metered connection नावाचं बटण आहे, ते On करा. वेगळं सेव्ह करावं लागत नाही.

मात्र पहिल्यांदा जोडताना एक अडचण असते. जोडल्यापासून बटण सापडेपर्यंतच्या मिनिटा-दोन मिनिटांत सिंक सुरू झालेला असतो. म्हणून पहिल्या वेळी आधी टास्कबारवरच्या वनड्राइव्हच्या ढगावर क्लिक करून, गिअरच्या मेनूतून सिंक दोन तासांसाठी थांबवा आणि मगच हॉटस्पॉट जोडा. एकदा जोडलेलं नेटवर्क लॅपटॉपच्या लक्षात राहतं. त्यामुळे ही सेटिंग घरी बसूनही करता येते: Wi-Fi च्या पानावर Manage known networks मध्ये हॉटस्पॉटचं नाव उघडलं की हेच बटण तिथेही दिसतं.

आता हे बटण नेमकं काय करतं? ते डेटा अडवत नाही. ते फक्त त्या नेटवर्कवर ‘इथे जपून’ अशी पाटी लावतं. ॲप विंडोजला विचारतं, हे कनेक्शन मोकळं आहे की मोजणीचं? विंडोज सांगतं, मोजणीचं. पुढे काय करायचं, ते ॲपवर. जे विचारतात ते थांबतात; जे विचारतच नाहीत ते चालू राहतात.

विंडोज अपडेट ही पाटी वाचतं. मीटर्ड नेटवर्कवर बहुतेक अपडेट्स आपोआप उतरत नाहीत. मुद्दाम परवानगी दिली तरच येतात. अत्यावश्यक असं काही क्वचित तरीही येऊ शकतं. वनड्राइव्हही वाचतं. तो सिंक थांबवून तशी सूचना देतो, आणि तरीही हवंच असेल तर सिंक चालू करण्याचा पर्यायही त्यातच देतो. ही सोय वनड्राइव्हमध्ये सुरुवातीपासून चालू असते, पण कोणी बंद केली असेल तर बटण दाबूनही उपयोग नाही. ढगावर क्लिक करून Settings मध्ये Sync and backup या भागात मीटर्ड नेटवर्कवर थांबायचा पर्याय आहे, तो चालू आहे ना ते एकदा बघून ठेवावं.

ब्राउझरमध्ये लावलेला यूट्यूबचा व्हिडिओ मात्र थांबत नाही. तो तुम्ही स्वतः मागितला आहे. तसेच इतर कंपन्यांची सिंक करणारी किंवा बॅकअप घेणारी ॲप्स ही पाटी वाचतातच असं नाही. लॅपटॉपवर वनड्राइव्हशिवाय दुसरं असं ॲप असेल तर हॉटस्पॉट लावण्याआधी त्याचं पॉज बटण हातानेच दाबावं.

सेटिंग लागली की नाही, हे पाहायचे दोन मार्ग आहेत. पहिला सोपा: Settings, Network & internet, Advanced network settings आणि त्यात Data usage. इथे कोणत्या ॲपने किती डेटा खाल्ला ते दिसतं. वरून आपल्या हॉटस्पॉटचं नाव निवडा आणि अर्ध्या तासाने आकडा पुन्हा बघा. वनड्राइव्हचा आकडा जागेवर असेल तर सेटिंग काम करते आहे. दुसरा मार्ग कमांड प्रॉम्प्टमधला. हॉटस्पॉटचं नाव Audit-Phone असेल तर हे टाइप करा:

```
netsh wlan show profile name="Audit-Phone"
```

खाली आलेल्या मजकुरात शेवटाकडे Cost settings नावाचा भाग असतो. तिथे Cost पुढे Unrestricted लिहिलं असेल तर विंडोज अजून ते नेटवर्क मोकळंच समजतं आहे. Fixed लिहिलं असेल तर पाटी लागलेली आहे.

हे सगळं करूनही डेटा गळतो, तेव्हा कारण बहुधा एकच असतं: ही सेटिंग नेटवर्कच्या नावाला चिकटलेली असते, फोनला नाही. फोन बदलला, हॉटस्पॉटचं नाव बदललं किंवा लॅपटॉपवर ‘Forget’ दाबून पुन्हा जोडलं, तर लॅपटॉपच्या लेखी ते नवं नेटवर्क, आणि नवं म्हणजे मोकळं. ताईंनी आपला फोन चार्जिंगला लावून सहकाऱ्याचा हॉटस्पॉट घेतला, तरी तेच. म्हणून नवा फोन घेतला की त्यावर हॉटस्पॉटला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्यावा. लॅपटॉप त्याला ओळखीचं समजतो आणि जुनी सेटिंग लागू राहते. पण घरच्या राउटरला आणि हॉटस्पॉटला एकच नाव देऊ नये, नाहीतर दोन्हींना एकच नियम लागतो.

दुसरी पळवाट यूएसबी केबलची. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग केलं की विंडोजला ते वाय-फाय दिसतच नाही. ते इथरनेट म्हणून येतं. वाय-फायच्या नावावर लावलेली सेटिंग तिथे काहीच करत नाही. Network & internet मधल्या Ethernet च्या पानावर जाऊन तिथलं Metered connection वेगळं चालू करावं लागतं, आणि पुढच्या वेळी केबल लावल्यावर ते तसंच आहे ना, हे पुन्हा बघावं.

मॅक वापरणाऱ्यांसाठी हीच सोय Low Data Mode या नावाने आहे. मॅकओएस व्हेंचुरापासून System Settings मधल्या Wi-Fi मध्ये, जोडलेल्या नेटवर्कच्या Details मध्ये ती मिळते, आणि तीही नेटवर्कनिहाय लावायची असते.

आता याची दुसरी बाजू, जी डेटा संपण्यापेक्षाही नडू शकते. सिंक थांबला म्हणजे बॅकअपही थांबला. ताईंनी स्कॅन केलेली सहाशे व्हाउचरं आता फक्त त्या एका लॅपटॉपवर आहेत. परतीच्या एसटीत लॅपटॉप हरवला किंवा हार्ड डिस्क बसली तर ढगात त्यांची प्रत नाही. ऑफिसमध्ये बसलेल्या सहकाऱ्याला सामायिक फोल्डरमध्ये काल संध्याकाळचीच एक्सेल दिसते आहे. त्याने तिच्यात बदल केले आणि इकडे ताईंनीही केले, तर सिंक सुरू झाल्यावर एकाच फाइलच्या दोन आवृत्त्या समोर येतात आणि कोणती खरी ते माणसाला ठरवावं लागतं. अशा वेळी सहकाऱ्याला फोन करून सांगावं, की ही फाइल आज माझ्याकडे आहे. दिवसाचं काम एका पेनड्राइव्हवर उतरवून तो बॅगेतून वेगळा ठेवावा.

निघण्याआधीची तयारीही यातच येते. वनड्राइव्हमधल्या ज्या फाइलपुढे निळा पोकळ ढग दिसतो, ती लॅपटॉपवर नसते. उघडली की तेव्हा नेटवरून उतरते. गेल्या वर्षीचा अहवाल गावी उघडून बघायचा असेल तर घरच्या वाय-फायवरच त्यावर राइट क्लिक करून Always keep on this device निवडावं. हिरव्या भरीव गोलात पांढरी टिकमार्क आली की ती फाइल सोबत आली.

एक उलटी चूकही घडते. घाईत घरच्याच वाय-फायला मीटर्ड करून ठेवलं तर काही दिवस काहीच जाणवत नाही. मग कधीतरी लक्षात येतं, की वनड्राइव्हचा ढग थांबलेलाच आहे आणि विंडोजचं अपडेट, कनेक्शन मीटर्ड असल्याचं सांगत, आपल्या परवानगीची वाट बघत बसलं आहे. सुरक्षेची अपडेट्स आठवडेच्या आठवडे रखडणं धोक्याचं. असं दिसलं तर त्याच पानावर जाऊन घरच्या नावापुढचं बटण बंद करावं.

गावाहून घरी आल्यावर लॅपटॉप घरच्या वाय-फायला लागला की सिंक आपोआप पुन्हा सुरू होतो. हाताने पॉज केलेला असेल तर तो मात्र दिलेली मुदत संपेपर्यंत थांबतो, म्हणून तो हातानेच सुरू करावा. नऊशे एमबीचे स्कॅन चढायला घरच्या ब्रॉडबँडवरही वेळ लागणार, आणि झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो, सिंक थांबतो. ढगावर क्लिक करून सगळं वर गेल्याची खात्री झाली, की मगच झाकण मिटावं आणि पेनड्राइव्ह रिकामा करावा.